सदतीस पोती, दोन उत्तरं: जाळीच्या गुणाकारातली उलटी मांडणी

रताळ्याची सदतीस पोती, पोतं पन्नास किलोचं, दर क्विंटलला ९५६ रुपये. म्हणजे पोत्याला ४७८. बेळगावच्या मार्केट यार्डातून आलेल्या हिशोबाच्या कागदावर हमाली-तोलाई वजा होण्याआधीची रक्कम होती १७,६८६. सहावीतल्या लेकीनं घरी वहीत तोच गुणाकार केला आणि तिचं उत्तर आलं ३४,८९४. जवळपास दुप्पट. बापाला वाटलं, दलालानं निम्म्यानं बुडवलं. मोबाईलवर आकडे दाबल्यावर दलाल सुटला, पण मुलगी काही मागं हटेना. उत्तर पडताळायला तिनं 'नवाचा ताळा' करून बघितला होता आणि तो जुळला होता.

दुसऱ्या दिवशी ती वही माझ्याकडे आली. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी संध्याकाळी पाचवी ते सातवीच्या मुलांचं गणित घेतो. मुलगी मराठी माध्यमाची, पाढ्यांना पक्की, अक्षर सुरेख. चुका करणारी म्हणून तिचं नाव कधी पुढं आलेलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. पाढा चुकला असता किंवा हातचा विसरला असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. इथं वहीतलं प्रत्येक घर बरोबर होतं, प्रत्येक बेरीज बरोबर होती, हातचेही बरोबर होते. चूक फक्त शेवटच्या उत्तरात दिसत होती.

तिनं गुणाकार जाळीनं केला होता. वहीतली जाळी अशी:

```
     ४     ७     ८
  | २/८ | ४/९ | ५/६ |  ७
  | १/२ | २/१ | २/४ |  ३
```

वर गुण्य ४७८, उजव्या अंगाला गुणक ३७. प्रत्येक घरात उजव्या वरच्या टोकापासून डाव्या खालच्या टोकापर्यंत एक तिरपी रेष. वरचा अंक आणि बाजूचा अंक यांचा गुणाकार घरात लिहायचा, त्यातला दशकाचा अंक रेषेच्या वरच्या त्रिकोणात आणि एककाचा खालच्या त्रिकोणात. सात आठे छप्पन्न, म्हणून ५ वर आणि ६ खाली. मग खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तिरप्या ओळीतले अंक मिळवत जायचं. बेरीज दहा किंवा जास्त आली तर एकक लिहायचा आणि हातचा पुढच्या तिरप्या ओळीत द्यायचा. पोरं या तिरप्या ओळींना आपणहून 'सऱ्या' म्हणतात. रताळ्याच्या गावात दुसरं काय म्हणणार? मीही पुढं तोच शब्द वापरतो.

तिच्या बेरजा बघा. पहिल्या सरीत एकटा ४. दुसरीत २, ६ आणि १ मिळून ९. तिसरीत ५, ९, २, २ मिळून १८, म्हणजे ८ आणि हातचा १. चौथीत ४, ८, १ मिळून १३, हातच्यासह १४, म्हणजे ४ आणि हातचा १. शेवटच्या सरीत २ आणि हातचा १, मिळून ३. डावीकडून वाचलं तर ३४८९४. कुठंही बोट ठेवायला जागा नाही.

जाळीकडे नीट बघितलं तर एकच गोष्ट खटकते. गुणक ३७ आहे, पण उजव्या अंगाला ७ वर आहे आणि ३ खाली.

"खाली-वर लिहिलं तर काय झालं ओ सर?" ती म्हणाली. "गुणाकार तोच की. सात आठे छप्पन्न वर लिहिलं काय नि खाली लिहिलं काय."

प्रश्न चोख होता. घरात काय लिहायचं ते ओळींच्या क्रमावर अवलंबून नाहीच. ओळींची अदलाबदल केली तरी सहाही घरांत तेच सहा गुणाकार येतात. बदलतं ते घर कुठल्या सऱ्यांवर पडतं एवढंच. तेवढ्यानं उत्तर का बदलावं हे ज्याला सांगता येतं त्याला जाळी समजली. बाकीच्यांना ती फक्त पाठ आहे.

आधी वही मागं चाळली, कारण आदल्या आठवड्यात याच मुलीची जाळीची काही गणितं बरोबर आली होती. ३४६ × २२ = ७६१२, बरोबर. ६१५ × ४४ = २७०६०, बरोबर. ५२९ × ८ = ४२३२, बरोबर. २१३ × ६४ ला मात्र ९७९८ उत्तर होतं, आणि १२५ × ४० ला ५००. 'कधी येतं, कधी येत नाही' असा शेरा अशा वहीवर सहज पडतो, आणि मुलांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा आळसाचा शेरा असतो. चुका अधूनमधून होत असतील तर कुठल्या गणितात होतात ते आधी बघावं. २२ आणि ४४ उलटे लिहिले तरी तेच राहतात. ८ ला एकच ओळ, तिथं उलटंसुलटं काही नाही. ६४ उलटा केला की ४६ होतो, आणि २१३ × ४६ बरोबर ९७९८ येतात. ४० उलटा केला की ०४. चाळीसच्या जागी चार. म्हणजे मुलगी दरवेळी एकच गोष्ट करत होती, अगदी नेमानं: गुणकाचा एकक वर आणि दशक खाली. तिनं ४७८ ला ३७ नं गुणलंच नव्हतं, ७३ नं गुणलं होतं. ४७८ × ७३ = ३४८९४.

ही सवय आली कुठून? दिवाळीच्या सुट्टीत ती चंदगड तालुक्यात मामाकडे जाते. सीमा ओलांडली की तासाभरात पोचते. तिथं मामेभावानं तिला जाळी शिकवली होती. त्याची जाळी वेगळी. तो गुणक डाव्या अंगाला लिहितो, एकक वर आणि दशक खाली, आणि त्याच्या रेषा उलट्या पडतात, डाव्या वरच्या टोकापासून उजव्या खालच्या टोकाकडे. इकडं माझ्या वर्गात गुणक उजवीकडं, वरून खाली वाचायचा, आणि रेषा माझ्या पद्धतीच्या. मुलीनं दादाकडून अंक लिहायचा क्रम उचलला आणि माझ्याकडून रेषा. दोन्ही जाळ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक त्यांच्या मिश्रणात होती.

आता मूळ प्रश्न. ओळ वर की खाली, यानं फरक का पडतो?

मी तिला घरांतले अंक खोडायला लावले नाहीत. फक्त जाळीच्या कडेला स्थानं लिहायला सांगितली. वर ४ च्या डोक्यावर 'श', ७ वर 'द', ८ वर 'ए'. बाजूला ३ समोर 'द', ७ समोर 'ए'. मग माझ्या पद्धतीची जाळी शेजारी काढली, ३ वर आणि ७ खाली:

```
     श     द     ए
     ४     ७     ८
  | १/२ | २/१ | २/४ |  ३ द
  | २/८ | ४/९ | ५/६ |  ७ ए
```

वरच्या डाव्या घरात बारा आहे. पण ते खरंच बारा आहे का? वरचा ४ म्हणजे ४००, बाजूचा ३ म्हणजे ३०. चारशे गुणिले तीस म्हणजे बारा हजार. ४ च्या मागं दोन शून्यं, ३ च्या मागं एक, मिळून तीन. म्हणजे त्या घरातला २ हजाराच्या स्थानी आणि १ दशहजाराच्या स्थानी बसतो. खालच्या उजव्या घरात आठ आणि सात, दोघांच्याही मागं शून्य नाही, म्हणून ते छप्पन्न खरोखरच छप्पन्न: ६ एकक, ५ दशक. घराचं स्थान ठरवायचा नियम एवढाच. वरच्या अंकाची शून्यं आणि बाजूच्या अंकाची शून्यं यांची बेरीज करायची. ती बेरीज घरातल्या एककाच्या अंकाचं स्थान. दशकाचा अंक त्याच्याहून एक स्थान वर.

हे तिनं सहाही घरांसाठी केलं. प्रत्येक घरात कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं शून्यांची संख्या लिहिली. वरची ओळ डावीकडून ३, २, १. खालची ओळ २, १, ०. आता बोट एका घरावर ठेवून हलवायचं. एक घर डावीकडं सरकलं की शून्य एकानं वाढतं, कारण वरचा अंक दहापट मोठ्या स्थानावर गेला. एक घर खाली सरकलं की शून्य एकानं घटतं, कारण बाजूचा अंक दशकावरून एककावर आला. मग डावीकडं एक आणि खाली एक असं तिरकं गेलं तर? एक वाढलं, एक घटलं, स्थान तेच राहिलं. वरच्या मधल्या घरात २, त्याच्या तिरकं खाली डावीकडच्या घरातही २. वरच्या उजव्या घरात १, तिरकं खाली मधल्या घरातही १. सरी तिरपी धावते ती याच कारणानं. स्थान टिकून राहतं अशी ती वाट आहे.

एवढ्यानं घरांचा प्रश्न सुटतो, पण सरीत फक्त घरांचे एकक नसतात, शेजारच्या घरांचे दशकही असतात. ते तिथं कसे येतात? ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि जाळीतली खरी कारागिरी तर इथंच आहे. खालच्या मधल्या घरातल्या एककाच्या त्रिकोणावर, म्हणजे ४९ मधल्या ९ वर बोट ठेवा. त्याचं स्थान दशक. हा खालचा उजवा त्रिकोण, म्हणून त्याची उजवी कड शेजारच्या घराला भिडते. शेजारच्या घरात त्या कडेला कोण आहे? वरचा डावा त्रिकोण, म्हणजे ५६ मधला ५, दशकाचा अंक. शेजारचं घर एक स्थान खाली, पण दशकाचा अंक एक स्थान वर. एक उणे, एक अधिक. म्हणून ५ सुद्धा दशकच.

उभी कड ओलांडली, स्थान बदललं नाही. आडवी कड ओलांडून खालच्या घरात गेलं तरी तसंच: खालचं घर एक स्थान लहान, आणि कडेला भिडतो तो त्याचा दशकाचा त्रिकोण, एक स्थान मोठा. स्थान बदलतं ते फक्त घरातली तिरपी रेष ओलांडताना, आणि तेही बरोबर एकानं. म्हणून जाळीत उभ्या-आडव्या रेषा ओलांडायला मुभा आहे, तिरपी ओलांडायला नाही. तिरपी रेष हा दोन स्थानांमधला बांध आहे.

आता बेरीज आपोआप समजते. पहिली सरी एककांची: ६. दुसरी दशकांची: ५, ४, ९ मिळून १८. हे अठरा दशक आहेत, म्हणजे एक शतक आणि आठ दशक. आठ इथं लिहायचे, शतक शतकांच्या सरीत द्यायचं. हातचा पुढच्या सरीत जातो तो यासाठी. दहाची मोट बांधली की ती एक स्थान वर जाते आणि पुढची सरी म्हणजे एक स्थान वर. तिसरी सरी: २, १, ४, ८ मिळून १५ आणि हातचा १, सोळा, म्हणजे ६ आणि हातचा १. चौथी: २, २, २ मिळून ६, हातच्यासह ७. पाचवी: १. सतरा हजार सहाशे शहाऐंशी. दलालाचा कागद बरोबर होता.

हातच्याबद्दल एक बारीक गोष्ट. नेहमीच्या उभ्या गुणाकारात सात आठे छप्पन्न म्हटलं की ६ लिहून ५ डोक्यात ठेवतो, मग सात साते एकोणपन्नासमध्ये तो मिळवतो. जाळीत तो ५ डोक्यात न ठेवता वरच्या त्रिकोणात लिहून टाकतो. गुणताना एकही हातचा सांभाळावा लागत नाही, सगळे हातचे बेरजेच्या वेळी येतात. ज्यांचे पाढे पक्के पण हातचे गळतात अशा मुलांना जाळी मानवते ती म्हणूनच. दोन अंकी गुणक असेल तर एका सरीत जास्तीत जास्त चार अंक येतात, म्हणून हातचा कधीही तीनच्या पुढं जात नाही. वहीत चार किंवा पाच हातचा दिसला तर सरी चुकली असं खुशाल समजावं.

परत मुलीच्या जाळीकडे. तिथं ३ ची ओळ खाली आहे. ३ म्हणजे ३०, पण रेषा माझ्या पद्धतीच्या असल्यामुळे खालची ओळ एककाची धरली गेली. नेहमीच्या गुणाकाराच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक ओळ म्हणजे एक फळी. ७ ची ओळ सुटी वाचली तर ३३४६ मिळतात (४७८ × ७) आणि ३ ची ओळ सुटी वाचली तर १४३४ (४७८ × ३). शाळेत दुसऱ्या फळीत एककाच्या जागी फुली किंवा शून्य मारून ती एक घर डावीकडं सरकवतात. जाळीत ती फुली मारावी लागत नाही, कारण ओळ वर असणं हेच सरकवणं आहे. मुलीच्या जाळीत ७ ची ओळ वर गेल्यामुळं ३३४६ सरकले आणि १४३४ जागेवर राहिले: ३३४६० अधिक १४३४ म्हणजे ३४८९४. हे तिनं स्वतः मांडून बघितलं, आणि 'खाली-वर काय फरक पडतो' या प्रश्नाचं उत्तर तिला तिच्याच आकड्यांत सापडलं.

मग मामेभावाची जाळी चुकीची का? नाही. त्याच्या मांडणीत एकक वर आहे, म्हणून खाली सरकलं की शून्य वाढतं. डावीकडंही वाढतं, खालीही वाढतं. मग स्थान टिकवायचं तर डावीकडं आणि वर जावं लागेल, म्हणजे रेषा उलट्या हव्यात, आणि त्याच्या त्या तशाच होत्या:

```
        ४     ७     ८
७ ए  | २\८ | ४\९ | ५\६ |
३ द  | १\२ | २\१ | २\४ |
```

इथं एकक रेषेच्या वर उजवीकडं आणि दशक खाली डावीकडं लिहायचे. एककाची सरी वरच्या उजव्या कोपऱ्यात सुरू होते. उत्तर खालच्या कडेनं डावीकडून उजवीकडं आणि मग उजव्या कडेनं खालून वर वाचायचं: १, ७, ६ आणि मग ८, ६. तेच १७६८६. गुणक डाव्या अंगाला की उजव्या, यानं काहीच बिघडत नाही. तो वरून खाली वाचला जातो की खालून वर, एवढंच महत्त्वाचं.

रेष कुठल्या बाजूला झुकवायची हे पाठ करायची गरज नाही, हे मुलीनंच शोधलं. कडेला ए, द, श लिहिले की एककाला एकक भेटतो असं एकच घर मिळतं, आणि ते जाळीच्या एका कोपऱ्यात असतं. तिथला एककाचा त्रिकोण एकट्यानंच सरी बनवतो, कारण उत्तरातल्या एककाला दुसरं कुणी हातभार लावू शकत नाही. म्हणजे त्या घरातली रेष तो कोपरा कापूनच गेली पाहिजे. माझ्या जाळीत कोपरा खाली उजवीकडं, दादाच्या जाळीत वर उजवीकडं. तिच्या मिसळलेल्या जाळीत एककाला एकक भेटत होता वर उजवीकडं, आणि रेषा कापत होत्या खालचा कोपरा. आता ती जाळी काढली की आधी हा कोपरा शोधते, मग सगळ्या रेषा ओढते.

जाळी ही काही इकडची-तिकडची नवी युक्ती नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लीलावतीवर जी टीका लिहिली तीत ही रीत आहे, आणि १४७८ मध्ये इटलीत त्रेव्हिझोला छापलेल्या व्यापारी अंकगणितातही आहे. १६१७ मध्ये स्कॉटिश गणिती नेपिअरनं जाळीचे स्तंभ सुटे करून त्यांच्या पट्ट्या बनवल्या, म्हणजे पाढासुद्धा म्हणावा लागू नये. तिरप्या रेषा त्या पट्ट्यांवर आधीच आखलेल्या असतात, पण ओळींच्या फळ्या कुठल्या क्रमानं सरकवून मिळवायच्या ते माणसावरच राहतं. आमच्या मुलीची चूक त्यांच्यावरही तशीच्या तशी करता येते.

राहिला नवाचा ताळा. त्यानंच तिला खात्री दिली होती, आणि तो का फसला हे सांगणं भाग होतं. ताळा असा: ४७८ चे अंक मिळवले, १९, मग १०, मग १. ३७ चे १०, मग १. एक गुणिले एक, एक. ३४८९४ चे अंक मिळवले, २८, मग १०, मग १. जुळला. १७६८६ चेही २८, १०, १. तोही जुळला. चूक आणि बरोबर दोन्ही उत्तरांना ताळ्यानं सारखीच मान डोलावली.

कारण उघड आहे. दहाला नवानं भागलं की बाकी एक राहते, शंभरालाही एक, हजारालाही एक. म्हणजे नवाच्या ताळ्याच्या लेखी ३०, ३ आणि ३०० सारखेच. अंक कुठल्या स्थानी बसला ते त्याला दिसतच नाही. जाळीत चुका होतात त्या मात्र मुख्यतः स्थानाच्या: ओळी उलट्या, रेष उलटी, एक अंकी गुणाकार वरच्या त्रिकोणात. तीन दुणे सहा हे ०/६ असं न लिहिता सहा भलत्या त्रिकोणात टाकला तर तो दहापट होतो, आणि नवाचा ताळा तेही पकडत नाही. पाढा चुकला तर तो बहुधा पकडेल. पण या मुलीचे पाढे चुकतच नाहीत. तिच्यासाठी हा ताळा म्हणजे चोर मागच्या दारानं येत असताना पुढच्या दाराला कुलूप.

तिच्या गणिताला दोन साध्या गोष्टींनी पकडलं असतं. एक, शेवटचा अंक: ८ आणि ७ यांचा गुणाकार ५६, उत्तर ६ नंच संपलं पाहिजे, तिचं ४ नं संपत होतं. दोन, अंदाज: पाचशे रुपयांची चाळीस पोती म्हणजे वीस हजार, आणि आपण दोन्ही आकडे वाढवून धरले आहेत. चौतीस हजार येणंच शक्य नाही. अंदाज बापाला लगेच पटला. यार्डात तो रोज तेच करतो, फक्त त्याला गणित म्हणत नाही.

तिसरा उपाय अकराच्या ताळ्याचा. उजवीकडून अंक आळीपाळीनं मिळवायचे आणि वजा करायचे. ४७८: ८ − ७ + ४ = ५. ३७: ७ − ३ = ४. पाच चोक वीस, अकरानं भागून बाकी ९. बरोबर उत्तर १७६८६: ६ − ८ + ६ − ७ + १ = −२, त्यात अकरा मिळवले की ९. जुळलं. तिचं ३४८९४: ४ − ९ + ८ − ४ + ३ = २. जुळलं नाही. अकराच्या ताळ्यात शेजारच्या स्थानांना उलटी चिन्हं मिळतात, म्हणून अंक एका घरानं हलला की तो बोंब मारतो. मुलीला हा ताळा फार आवडला. पुढचे काही दिवस ती प्रत्येक गणिताखाली तोच करत होती. "आता बरोबर येऊलालंय की सर," म्हणायची.

म्हणून तिला मुद्दाम एक गणित दिलं: ४१५ × २३६. आधी नीट जाळीनं करायला लावलं, ९७९४० आलं. मग गुणक जाणूनबुजून उलटा, ६ वर आणि २ खाली लिहून करायला लावलं. २,६२,२८० आलं. आता दोन्हींचे ताळे कर म्हटलं. नवाचा: ४१५ चा १, २३६ चा २, गुणाकार २, ९७९४० चा २ आणि २६२२८० चाही २. अकराचा: ४१५ चे ८, २३६ चे ५, चाळीसची बाकी ७; पहिल्या उत्तराचे ७ आणि दुसऱ्याचेही ७. तीन अंकी संख्या उलटी केली की एकक आणि शतक जागा बदलतात, आणि अकराच्या ताळ्यात त्या दोघांचं चिन्ह एकच असतं. शेवटचा अंकही वाचवत नाही, कारण पाच सक तीस आणि पाच दुणे दहा, दोन्हींचा शेवट शून्य. हाती उरतो तो अंदाज. चारशे गुणिले दोनशे म्हणजे ऐंशी हजार, तर उत्तर लाखाच्या आसपास असायला हवं. अडीच लाखांच्या पुढं जाणारं उत्तर आलं की आधी जाळीचा कोपरा तपासायचा: एककाला एकक कुठं भेटतो, आणि रेष तोच कोपरा कापते का.